बूटस्ट्रॅप बायस (एमिटर फॉलोअरमधील)

एमिटर फॉलोअर म्हणजे एमिटरवरून आउटपुट घेणारे ट्रान्झिस्टरचे सर्किट. त्याच्या बेसला बायस, म्हणजे स्थिर डीसी व्होल्टेज, देणारे रेझिस्टर येणाऱ्या सिग्नलवर भार टाकतात. तो भार हलका करण्यासाठी आउटपुटचाच सिग्नल कॅपॅसिटरमधून बायसच्या जाळ्याकडे परत नेतात. या युक्तीला बूटस्ट्रॅपिंग म्हणतात.

तिची गरज कंपनांचा विद्युत सिग्नल करणाऱ्या पिएझो चकतीवरून चांगली कळते. तंबोऱ्याच्या भोपळ्याला चिकटवलेली २७ मिलिमीटरची चकती म्हणजे साधारण २० नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर. तिच्यापुढे १२ व्होल्टवर BC547 ट्रान्झिस्टरचा फॉलोअर आहे, एमिटरला ४.७ किलोओहम आणि बेसला ४७-४७ किलोओहमचा विभाजक. ट्रान्झिस्टरचा करंट गेन β २०० धरला तर ट्रान्झिस्टर स्वतः नऊ लाख ओहमहून अधिक रोध दाखवतो. पण सिग्नलच्या दृष्टीने सप्लायची तारही ग्राउंडच असल्यामुळे विभाजकाचे दोन्ही रेझिस्टर समांतर येतात आणि इनपुट रोध जेमतेम २३ किलोओहम उरतो. चकतीसह हिशेब केला तर ३५० हर्ट्झच्या खालचे सारे उतरणीला लागते. खर्जाच्या तारेचा पायाच नाहीसा होतो.

उपाय असा: विभाजकाचा मधला बिंदू बेसला थेट न जोडता मध्ये आणखी एक ४७ किलोओहम (R3) घालायचा, आणि एमिटरपासून त्या बिंदूपर्यंत १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर द्यायचा. मधला बिंदू एमिटरहून सुमारे ०.९ व्होल्ट वर असतो, म्हणून इलेक्ट्रोलिटिकचे धन टोक तिकडे. आता बेस जितका वर-खाली होतो, जवळजवळ तितकेच R3 चे दुसरे टोकही होते. फॉलोअरचा गेन A इथे ०.९९४ च्या आसपास असतो. R3 च्या दोन टोकांत सिग्नलचा शंभरावा हिस्साही उरत नाही, त्यामुळे तो

R3 / (1 − A)

इतका, म्हणजे सात मेगाओहमहून मोठा भासतो.

फुकट मात्र काही मिळत नाही. विभाजकाचा भार आता एमिटरवर पडतो, तिथला रोध ३.९ किलोओहमवर येतो आणि ट्रान्झिस्टरचा स्वतःचा इनपुट रोध थोडा घटतो. एकूण सुमारे सात लाख ओहम हाती येतात. तंबोऱ्याला ते पुरून उरतात, कारण कट-ऑफ, म्हणजे उतरण सुरू होण्याची वारंवारता, १० हर्ट्झच्या जवळ जाते. पुढे १० किलोओहमचा भार जोडला, तर हा आकडा पाच लाखांवर घसरतो.

अगदी खालच्या वारंवारतेला हे जाळे इंडक्टरसारखे वागते. कमी रोधाचा स्रोत ०.१ मायक्रोफॅरडच्या इनपुट कॅपॅसिटरमधून जोडला, तर ५ हर्ट्झजवळ उठाव येतो आणि वूफरचा कोन संथपणे हलताना दिसतो. इनपुट कॅपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा केला, की उठाव कमी होतो आणि १.५ हर्ट्झपर्यंत खाली सरकतो.

बूटस्ट्रॅपचा कॅपॅसिटर सुकला, तर मल्टिमीटरवर सगळे डीसी व्होल्टेज बरोबरच दिसतात. फक्त आवाज पातळ होतो. अशा वेळी १ किलोहर्ट्झचा सिग्नल ६८० किलोओहममधून इनपुटला द्यावा आणि आउटपुट एमिटरवर पाहावे. बेसवर पाहिले तर प्रोबचाच भार पडतो. सर्किट ठीक असेल तर आउटपुट साधारण निम्मे होते. दहाव्या हिश्श्याच्याही खाली गेले, तर तो कॅपॅसिटर बदलावा.