दबका आवाज आणि हेडचा कोन

कॅसेट लावली, गाणं ओळखीचं आहे, पण झांज कुठेतरी हरवली आहे आणि ‘स’ आणि ‘फ’ यांच्यातला फरकच कळत नाही. अशा वेळी पेचकस हातात घेण्याआधी टेपची खरखर कमी करणाऱ्या डॉल्बीचं बटण बघावं. डॉल्बीशिवाय भरलेली कॅसेट डॉल्बी चालू ठेवून ऐकली, तर आवाज असाच दबतो. बटण बरोबर असेल तर गडबड टेपवरचा आवाज वाचणाऱ्या हेडपाशी आहे, असं समजून पुढे जावं.

टेप सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकते. म्हणजे 10,000 हर्ट्झच्या स्वराची एक लहर टेपवर जेमतेम 4.76 मायक्रॉन जागा घेते. हेडवर मळाचा थर बसून टेप फक्त 1 मायक्रॉन दूर गेली, की हा स्वर पावपट होऊन जातो. 1,000 हर्ट्झची लहर दहापट लांब असल्यामुळे तिला मात्र फारसा धक्का लागत नाही. म्हणूनच मळलेल्या हेडवर गाण्याचे बोल कळतात, पण आवाजातली धार जाते.

म्हणून आधी सफाई. डेक बंद करून कापूस गुंडाळलेली काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवायची आणि हेडचा चकचकीत पृष्ठभाग, टेपला वाट दाखवणारे गाइड आणि टेप ओढणारी कॅप्स्टनची बारीक दांडी पुसायची. काडीवर येणारा तपकिरी रंग टेपच्याच चुंबकीय लेपाचा असतो. तो यायचा थांबेपर्यंत काडी बदलत राहायची. टेप कॅप्स्टनवर दाबून धरणारा रबराचा पिंच रोलर मी साबणाच्या पाण्यात किंचित ओल्या केलेल्या कापडाने पुसतो, कारण अल्कोहोल वारंवार लावलं तर काही रबरं कडक होतात. सगळं कोरडं झाल्याशिवाय कॅसेट घालू नये.

डीमॅग्नेटायझरचं काम त्यानंतरचं. हेड आणि कॅप्स्टनमध्ये उरलेलं चुंबकत्व टेपवरचे बारीक स्वर थोडे पुसतं आणि खरखर वाढवतं. डेक बंद ठेवून आणि कॅसेटी लांब ठेवून उपकरण हातभर अंतरावर चालू करायचं, सावकाश जवळ न्यायचं, हेडवरून फिरवायचं, तितक्याच सावकाश हातभर मागे घ्यायचं आणि मगच बंद करायचं. घाईने हेडजवळच बंद केलं, तर हेड उलट जास्तच चुंबकित होतं. माझ्या अनुभवात निव्वळ चुंबकत्वामुळे आवाज खूप दबल्याचं क्वचितच आढळतं.

आता अझिमथ, म्हणजे हेडचा कोन. हेडमधली बारीक फट टेपच्या प्रवासाला अचूक काटकोनात असायला हवी. कोन थोडा कलला, की फटीचं एक टोक लहरीच्या एका भागावर असतं आणि दुसरं टोक पुढच्या भागावर. एका चॅनेलचा पट्टा 0.6 मिलिमीटर रुंद असतो, आणि डाव्या-उजव्या पट्ट्यांच्या मध्यरेषांत 0.9 मिलिमीटर अंतर असतं. अंशाचा सहावा हिस्सा कोन चुकला, तर एकेका चॅनेलमधला 10,000 हर्ट्झचा स्वर साधारण पाचव्या हिश्शाने घटतो. पण डावं-उजवं एकत्र केलं, तर दोन्ही लहरी जवळजवळ अर्ध्या लहरीने मागेपुढे होतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. स्टिरिओत लपलेली चूक मोनोत उघडी पडते ती अशी.

माझ्याकडे आलेल्या एका डेकमध्ये डावीकडचा आवाज फारच दबका होता. सफाईनंतर दोन्ही बाजू सारख्या झाल्या, तरी धार आली नाही. अॅम्प्लिफायरचं मोनो बटण दाबलं आणि आवाज आणखीच दबला. इथे कोन चुकल्याची खात्री पटली. हेडच्या दोन बाजूंच्या स्क्रूपैकी ज्याच्याखाली स्प्रिंग असते, तो अझिमथचा. त्याच्या मूळ जागेची खूण करून ठेवली आणि मोठ्या कंपनीने छापलेली, चांगल्या स्थितीतली कॅसेट मोनोत लावली. चुंबकत्व नसलेल्या पेचकसाने स्क्रू केसभर फिरवायचा आणि ऐकायचं, असं करत गेलो. साधारण एक अष्टमांश फेऱ्यात झांज एकदम समोर आली, आणि अजून पुढे नेताच पुन्हा मावळली. मग मागे आणून सर्वांत तेज जागेवर थांबलो.

ही जागा फक्त एका उंच स्वरावर शोधू नये. स्क्रू बराच फिरवला, तर पूर्ण एका लहरीने चुकलेल्या जागीही दोन्ही चॅनेल पुन्हा जुळल्यासारखे वाटतात. संगीतात सगळे स्वर असल्यामुळे खरी जागा वेगळी ओळखू येते. दुसऱ्या दोन-तीन छापील कॅसेटींवर पडताळून पाहावं, कारण एखादी कॅसेटच वाकड्या हेडवर भरलेली असू शकते. इतकं करूनही धार आली नाही आणि हेडवर नखाला लागेल असा चर पडलेला दिसला, तर तो हेड झिजला आहे आणि स्क्रूने सुधारणार नाही.

जागा पक्की झाल्यावर स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका लावला. त्या डेकवर मालकाने पूर्वी स्वतः भरलेल्या कॅसेटी मात्र आता दबक्या वाजू लागल्या, कारण त्या जुन्या वाकड्या कोनातच भरल्या होत्या. त्या ऐकून संगणकात उतरवायच्या वेळी स्क्रू पुन्हा त्यांच्यापुरता फिरवला, आणि काम झाल्यावर ठिपक्याच्या खुणेवर परत आणला.