तोल दोन प्रकारचे: भोवरा स्थिर राहतो तो आणि भोवरा स्थिर फिरतो तो

भाच्यासाठी थ्रीडी प्रिंटरवर हत्तीच्या आकाराचा भोवरा छापला. गोल पोट, खाली आर, वर बोटांनी फिरवायचा दांडा आणि पुढे उंचावलेली सोंड. सोंडेमुळे पुढची बाजू जड होणार हे उघड होतं, म्हणून पोटात पुढच्या अंगाला पोकळी ठेवली आणि हिशेब अगदी शून्यावर आणला. तरी हत्ती थरथरत फिरला. चूक हिशेबात नव्हती, मी चुकीच्या गोष्टीचा हिशेब केला होता.

आकडे असे. पोट ५० मिलिमीटर रुंद, ४० उंच. सोंडेचं वजन साधारण २ ग्रॅम, तिचा मध्य अक्षापासून ३० मिलिमीटर पुढे आणि आरेपासून ३० मिलिमीटर वर. २ गुणिले ३०, म्हणजे ६० इतकं पुढचं ओझं. ते फेडायला अक्षापासून १० मिलिमीटर पुढे, १५ मिलिमीटर उंचीवर ६ ग्रॅम प्लास्टिक कमी केलं. ६ गुणिले १० म्हणजे ६०. फिटंफाट. वस्तुमानमध्य अक्षावर आला, यालाच स्थिर संतुलन म्हणतात. तपासायची रीतही सोपी: दांडा आणि आर दोन समांतर पात्यांवर आडवी ठेवा. जड बाजू असेल तर ती घरंगळून खाली येते. माझा हत्ती ठेवाल तसा पडून राहिला.

पण पात्यांवर फक्त गुरुत्वाकर्षण काम करतं, आणि त्याला कोणतं वजन किती उंचीवर आहे याच्याशी देणंघेणं नसतं. भोवरा फिरू लागला की असतं. सोंड ३० मिलिमीटर उंचीवरून पुढे ओढते. पोटाची मागची बाजू पुढच्या पोकळ बाजूपेक्षा जड, म्हणून ती १५ मिलिमीटर उंचीवरून मागे ओढते. दोन्ही ओढी सारख्या, पण एका रेषेत नाहीत. लोखंडी कपाटाला एकाने वरून पुढे आणि दुसऱ्याने खालून मागे तेवढ्याच जोरात रेटलं तर कपाट जागचं सरकणार नाही, पण कलंडेल. हत्तीच्या अक्षाला दर फेरीला हाच हिसका बसत होता. तो नसणं म्हणजे गतिक संतुलन. ते हवं असेल तर वजन, अक्षापासूनचं अंतर आणि उंची या तिन्हींच्या गुणाकारांची बेरीजही शून्य व्हायला हवी. माझ्या हत्तीत सोंडेचे १८०० आणि पोकळीचे वजा ९००, म्हणजे ९०० शिल्लक.

घोडबंदर रस्त्यावर टायरवाल्याकडे चाकाचं बॅलन्सिंग करून घेताना हे दिसतं. मशीन रिमच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेसाठी वेगवेगळी वजनं सांगतं. एकाच कडेला शिसं ठोकून चाक स्थिर संतुलित करता येईल, पण गाडी वेगात गेली की स्टिअरिंग थरथरेल.

भोवऱ्यातही मग दोन उंचींवर काम करावं लागतं. सोंडेच्याच उंचीला पुरेशी पोकळी बसत नव्हती, म्हणून पुढे १० मिलिमीटरवर, पण २५ उंचीला ८ ग्रॅम काढलं, आणि मागे १० मिलिमीटरवर, १० उंचीला २ ग्रॅम. पहिला हिशेब: ८० वजा २०, म्हणजे ६०. दुसरा: २००० वजा २००, म्हणजे १८००. दोन्ही जुळले. मागची छोटी पोकळी काढताना हात अडखळतो, कारण जी बाजू आधीच हलकी आहे तिथूनच आणखी काढायचं असतं.

२०१४ साली स्पिन-इट नावाच्या संशोधनात (डिस्ने रिसर्च आणि ईटीएच झुरिक) हेच काम संगणकाकडून करून घेतलं होतं. आतला भाग बारीक घनांमध्ये वाटून कोणते घन रिकामे ठेवायचे ते तो ठरवतो. पोकळीने भागत नसेल तर बाहेरचा आकारही थोडा बदलतो. खरंच, उंच आणि सडपातळ मूर्ती नुसती पोखरून भोवरा होत नाही. तिथे खाली रुंद घेर तरी हवा किंवा जड भरण तरी.

छापताना एक सापळा आहे. वरचे सगळे आकडे पीएलए हे छपाईचं प्लास्टिक आतून भरीव, म्हणजे इन्फिल १०० टक्के धरून आहेत. आकाराचे छपाईसाठी थर पाडणाऱ्या स्लायसर सॉफ्टवेअरमध्ये ते १५ टक्के ठेवलंत तर पोट हलकं होतं, पण पोकळीच्या भिंती भरीवच छापल्या जातात आणि गणित कोलमडतं. पोकळीचं छत तंबूसारखं उतरतं ठेवा, नाहीतर आत आधाराचं प्लास्टिक अडकून बसतं आणि तेही वजनच.

आता फिरवून पाहताना गल्लत करू नका. दांड्याचं टोक सावकाश मोठं वर्तुळ काढत असेल आणि वेग कमी होताना ते वर्तुळ घाईने फिरू लागलं, तर तो दोष नाही. कललेला कोणताही भोवरा तसं करतो. दोष असेल तर कंप दर फेरीला एकदा येतो आणि दांडा जाड, पुसट दिसतो. माझा दुसरा हत्ती फिरताना दांडा एका रेघेसारखा दिसला, आणि सोंड तर दिसलीच नाही.