काउंटरवरचा आकडा माणसांचा नसतो

“मंडळाच्या वेबसाइटच्या काउंटरवर १२,००० दिसतात, म्हणजे इंदूरच्या १२,००० लोकांनी गणेशोत्सवाचे कार्यक्रम पाहिले ना?”

नाही. साधा काउंटर पान उघडलं की एकाने पुढे सरकतो, तेच पान रिफ्रेश केलं तरी सरकतो. हे पेज व्ह्यू.

राजवाड्याजवळ राहणाऱ्या एखाद्या काकू घ्या. सकाळी त्यांनी कार्यक्रमपत्रिका आणि फोटो मिळून ५ पानं पाहिली, दुपारी परत येऊन ३. पेज व्ह्यू झाले ८. भेटी मात्र २, कारण साधारण ३० मिनिटं काही हालचाल नसेल, तर त्यानंतरचं येणं बहुतेक ठिकाणी नवी भेट धरतात. युनिक व्हिजिटर, म्हणजे वेगवेगळे पाहणारे, १.

तो १ सुद्धा खरं तर ब्राउझर आहे. ओळख सहसा कुकीवरून, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीवरून पटते. काकूंनी संध्याकाळी मोबाइलवर साइट उघडली की त्या दोन होतात. उलट घरच्या एकाच कंप्युटरवर, एकाच ब्राउझरमध्ये चौघांनी पाहिलं, तर चौघं मिळून एक.

अहवाल लिहिताना मोठी चूक पुढेच होते: रोजचे युनिक आकडे जोडून दहा दिवसांचा आकडा काढतात. रोज येणाऱ्या काकू त्या बेरजेत १० वेळा मोजल्या जातात. म्हणून दहाही दिवसांची मुदत एकत्र निवडूनच युनिकचा आकडा घ्यावा.