प्रॉक्सी एडिटिंग

कॅमेऱ्यातल्या जड मूळ फायलींच्या हलक्या प्रती बनवून त्यांवर एडिटिंग करायचे आणि अंतिम व्हिडिओ मूळ फायलींवरूनच काढायचा, या पद्धतीला प्रॉक्सी एडिटिंग म्हणतात. साध्या लॅपटॉपवर फोर-के फुटेज अडखळत असेल तर हा सर्वांत स्वस्त उपाय.

फुटेज अडखळले की आधी संशय डिस्कवर जातो आणि नवी एसएसडी विकत घेतली जाते. गणित मात्र वेगळे निघते. लग्नाचे सहा तासांचे फोर-के शूटिंग १४० मेगाबिट प्रतिसेकंद दराने झाले असेल, तर ते सुमारे ३७८ जीबी भरते. पण एक क्लिप चालवायला सेकंदाला १७.५ मेगाबाइटच लागतात, तेवढे साधी हार्ड डिस्कही देते. दमतो तो प्रोसेसर. एच.२६४ आणि एच.२६५ या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतींमध्ये, बहुतेक फ्रेम पूर्ण नसतात, शेजारच्या फ्रेमशी असलेला फरकच साठवलेला असतो. त्यामुळे टाइमलाइनवर मागेपुढे सरकताना एक फ्रेम दाखवायला अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात. टास्क मॅनेजर उघडून पाहावे: सीपीयू शंभर टक्क्यांना भिडला आणि डिस्क निवांत असेल, तर दोष कोडेकचा.

म्हणून प्रॉक्सी केवळ लहान आकाराची असून भागत नाही, तिची प्रत्येक फ्रेम स्वतंत्र हवी. डीएनएक्सएचआर एलबी किंवा प्रोरेस प्रॉक्सी हे त्यासाठीचे रुळलेले पर्याय. वरचे शूटिंग १०८० रिझोल्यूशनला, २५ फ्रेमने, डीएनएक्सएचआर एलबीमध्ये आणले की सुमारे १०० जीबी होते. ते आतल्या किंवा यूएसबी ३ च्या एसएसडीवर ठेवावे, कॅशही तिथेच. मूळ फुटेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर राहू द्यावे. एसएसडीचा खरा उपयोग इथे होतो, कारण दोन-तीन कॅमेरे एकदम चालवताना फिरत्या डिस्कचे हेड सारखे इकडून तिकडे धावते. मात्र केबल यूएसबी २ ची निघाली तर एसएसडीचा वेगही सेकंदाला ४० मेगाबाइटच्या आसपासच अडकतो.

डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये प्रॉक्सीचे रिझोल्यूशन, कोडेक आणि फोल्डर आधी ठरवतात. मग मीडिया पूलमध्ये क्लिप निवडून राइट-क्लिक करून `Generate Proxy Media` दाबतात. हे काम लॅपटॉपला तासन् तास पुरते, त्यामुळे रात्रीच लावलेले बरे. त्यानंतर `Playback` मेनूतल्या `Proxy Handling` मध्ये `Prefer Proxies` निवडतात. रंगसंस्कार करताना, फोकस आणि नॉइज तपासताना `Prefer Camera Originals` वर यावे. प्रॉक्सीवर किंचित सुटलेला फोकसही ठीकच वाटतो.

बाहेर बनवलेली प्रॉक्सी जोडताना फ्रेमदर, टाइमकोड आणि आवाजाचे चॅनेल मूळ फायलीशी जुळले पाहिजेत. मोबाइलच्या फुटेजचा फ्रेमदर बदलता असतो, त्यामुळे तिथे कट सरकण्याचा धोका अधिक. डिलिव्हर पानावर `Use proxy media` ची खूण राहून गेली, तर निर्यात झटपट होते आणि चित्र मऊ निघते.