चलनवाढ समजावणे : विचारणारा अनोळखी असताना

‘चलनवाढ म्हणजे काय?’ या प्रश्नाला विचारणाऱ्याची पार्श्वभूमी आणि हेतू ठाऊक नसताना उत्तर देण्याची रीत. परीक्षेच्या आदल्या रात्री व्याख्या शोधणारा विद्यार्थी, पगारवाढ मागायला निघालेला कर्मचारी आणि निवृत्तीची पुंजी कुठे ठेवावी या विवंचनेत असलेला माणूस हे तिघेही प्रश्न याच तीन शब्दांत विचारतात. शब्दांवरून त्यांच्यातला फरक कळत नाही. म्हणून पहिले उत्तर तिघांनाही चालेल असे द्यावे लागते, आणि पुढचे उत्तर ते ऐकून समोरचा काय बोलतो त्यावरून ठरवावे लागते.

यातली खरी अडचण बहुधा समजावणाऱ्याकडूनच येते. एलिझाबेथ न्यूटन यांनी 1990 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील आपल्या संशोधनात एक साधा खेळ घेतला होता. एकाने परिचित गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि दुसऱ्याने गाणे ओळखायचे. निम्म्या वेळा तरी गाणे ओळखले जाईल असे वाजवणाऱ्यांना वाटत होते. प्रत्यक्षात 120 पैकी फक्त 3 गाणी ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल चालू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. ‘निर्देशांक’, ‘दर’, ‘क्रयशक्ती’ हे शब्द अर्थशास्त्र शिकलेल्याच्या डोक्यात चालीसकट वाजत असतात, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.

मराठीत त्यात आणखी एक भर पडते. ‘चलनवाढ’ या शब्दातच एक कारण दडलेले आहे : चलन वाढले. इंग्रजी शब्दाचाही जुना अर्थ चलन फुगवणे असाच होता आणि किमती वाढणे हा आजचा अर्थ त्याला नंतर चिकटला. म्हणजे मराठी शब्द जुन्या अर्थाशी इमान राखून आहे, पण वर्तमानपत्रात तो नव्या अर्थाने छापला जातो. ‘महागाई’ची गोष्ट वेगळी. रोजच्या बोलण्यात तो शब्द अवस्था सांगतो : सगळे महाग आहे. बातमीत मात्र तोच शब्द वेग सांगतो : किमती अमुक टक्क्यांनी वाढल्या. ‘महागाई कमी झाली’ हे वाक्य ऐकून लोक चिडतात ते याच कारणाने. बातमी खोटी नसते आणि चिडणाराही चुकीचा नसतो. दोघे एकच शब्द दोन अर्थांनी वापरत असतात.

म्हणून सुरुवात कारणापासून करू नये. कारणांबद्दल अर्थतज्ज्ञांतही वाद आहेत, आणि ऐकणाऱ्याला त्या वादात रस आहे की नाही हे अजून कळलेले नसते. पहिले वाक्य असे चालते : ‘एकंदर किमती ज्या वेगाने वाढतात, त्या वेगाला चलनवाढ म्हणतात.’ यात दोन शब्द वजनाचे आहेत. ‘एकंदर’ म्हणजे एखादीच वस्तू महागली तर ती चलनवाढ नव्हे. लोक ज्या वस्तू आणि सेवा घेतात त्यांची एक टोपली धरायची, जिच्यावर जास्त खर्च होतो तिला जास्त वजन द्यायचे आणि सगळ्या टोपलीची किंमत पाहायची. दुसरा शब्द ‘वेग’. घोटाळा होतो तो बहुतेक इथेच, त्यामुळे इथे थांबून आकडे मांडावेत.

समजा, त्या टोपलीची किंमत आज 100 आहे. वर्षाने ती 110 झाली. चलनवाढ 10 टक्के. आणखी एका वर्षाने ती 115.5 झाली. 110 वर 5.5 म्हणजे बरोबर 5 टक्के. चलनवाढ निम्म्यावर आली, आणि टोपली तरीही आणखी महागच झाली. 100 वरून निघालेला माणूस 115.5 वर उभा आहे आणि त्याला सांगितले जाते की वाढ आटोक्यात आली. किमती खरोखर खाली येऊन टोपली 112 ला मिळू लागली, तर त्याला चलनघट म्हणतात, आणि ती वेगळीच घटना आहे. हे तीन आकडे कागदावर एकाखाली एक लिहून दाखवले तर तोंडी सांगण्यापेक्षा लवकर उतरतात.

इथवर सांगून थांबावे आणि समोरच्याला बोलू द्यावे. ‘तुम्हाला हे कशासाठी हवे आहे?’ असे आधीच विचारणे सोपे वाटते, पण ती उलटतपासणी वाटू शकते, आणि कित्येकदा विचारणाऱ्याला स्वतःलाच ते नीट सांगता येत नाही. छोटे उत्तर ऐकल्यावर येणारा पुढचा प्रश्न मात्र पुष्कळ सांगून जातो. ‘पण माझा पगार तर 8 टक्के वाढला’ असे कोणी म्हणाले, तर पगारवाढ आणि चलनवाढ शेजारी ठेवायची : किमती 10 टक्के वाढल्या त्या वर्षी 8 टक्के वाढ घेऊनही तो टोपलीच्या हिशेबात थोडा मागेच पडला. ठेवीबद्दल विचारले तर 7 टक्के व्याजातून 5 टक्के चलनवाढ वजा करून उरणारे सुमारे 2 टक्के दाखवावेत. ‘मग नोटा छापतात तरी कशाला?’ असा प्रश्न आला, तरच कारणांचे दार उघडावे.

त्या दारापाशी घसरायला फार होते. एका बेटावर सगळ्यांकडचा पैसा एका रात्रीत दुप्पट झाला आणि वस्तू तेवढ्याच राहिल्या, हा दाखला शिक्षकांचा लाडका आहे. तो चुकीचा नाही, पण एकच कारण शिकवतो. ऐकणारा पुढे प्रत्येक भाववाढीमागे छापखाना शोधू लागतो. ऑक्टोबर 1973 नंतर काही महिन्यांतच खनिज तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली आणि वाहतुकीपासून खतांपर्यंत खर्च चढले, तो धक्का बेटाच्या गोष्टीत बसत नाही. जर्मनीचा 1923 चा दाखला तर आणखी जपून द्यावा. त्या नोव्हेंबरात एका डॉलरला सुमारे 4.2 लाख कोटी मार्क पडत होते. आकडा विसरत नाही, हीच त्याची खोड. एकदा तो डोक्यात बसला की 4 टक्क्यांची बातमी वाचूनही माणसाला नोटांनी भरलेल्या ढकलगाड्या दिसू लागतात.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शिलर यांनी 1990 च्या दशकात अमेरिका, जर्मनी आणि ब्राझील या देशांत लोकांना चलनवाढ का नकोशी वाटते हे विचारून पाहिले. सामान्य लोकांचा मुख्य सूर होता की तिने आपले राहणीमान खालावते. अर्थतज्ज्ञांना तीच गोष्ट तितकी महत्त्वाची वाटत नव्हती, कारण किमतींबरोबर पगारही वाढतात असे ते धरून चालतात. समजावताना हे धरून चालणे उघड बोलून दाखवावे. पगार वाढतात, पण सगळ्यांचे एकाच वेळी नाही आणि एकाच मापाने नाही. ज्याचा वाढलेला नाही त्याच्यासमोर सरासरीचे उत्तर टिकत नाही.

‘समजले का?’ या प्रश्नाला बहुतेक लोक संकोचाने ‘हो’ म्हणतात, तेव्हा तो विचारून फारसे हाती लागत नाही. त्याऐवजी आधीच्याच आकड्यांवर विचारावे : तिसऱ्या वर्षी चलनवाढ शून्य टक्के झाली, तर टोपली कितीला मिळेल? 115.5 म्हणणाऱ्याला पुढे काहीही सांगता येते. 100 म्हणणारा अजून अवस्था आणि वेग यांत अडकलेला आहे. त्याच्याबरोबर पुन्हा त्या तीन आकड्यांकडे जावे लागते.