‘सर्व करांसहित’: छापील किमतीचा इतिहास आणि दुकानदाराचा हिशेब

पुण्याच्या रविवार पेठेतल्या घाऊक दुकानातून केसांच्या तेलाचा एक खोका आणला की नव्या दुकानदाराच्या हातात दोन वेगवेगळ्या किमती येतात. घाऊक व्यापाऱ्याच्या इनव्हॉइसवर आधी मालाची किंमत असते, कर खाली वेगळा लावलेला असतो. खोक्यातल्या बाटलीवर मात्र एकच आकडा छापलेला असतो आणि त्यापुढे ‘सर्व करांसहित’ असे शब्द असतात. कर एकीकडे बाहेर आणि दुसरीकडे आत. होलसेल आणि रिटेलच्या हिशेबात नवी माणसं अडखळतात ती बहुतेक इथेच, आणि हा फरक कसा पडला ते ठाऊक झालं की मार्जिन, डिस्काउंट, पक्कं बिल या गोष्टी समजायला सोप्या जातात.

सुटा माल विकला जात होता तोवर छापील किमतीचा प्रश्नच नव्हता. पुण्यात भुसार माल नाना पेठ, भवानी पेठेतून यायचा, पुढे ती उलाढाल मार्केट यार्डात गेली. गूळ, डाळ, तेल दुकानदार तोलून देई आणि भाव पाटीवर लिही किंवा तोंडी सांगे. पुडे, डबे, बाटल्या वाढल्या तसा आत नेमकं किती आहे आणि त्याचे किती द्यायचे, हे गिऱ्हाइकाला बाहेरून कळेनासं झालं. १९७६ मध्ये वजनमापांचा केंद्रीय कायदा झाला आणि १९७७ मध्ये आवेष्टित वस्तूंचे नियम आले. कंपनीचं नाव, वजन किंवा माप आणि किंमत पुड्यावर छापणं त्यांनी बंधनकारक केलं.

पण किंमत छापण्याचे दोन मार्ग त्या नियमांनी खुले ठेवले होते. कंपनीने सगळे कर धरून कमाल किंमत छापावी, किंवा किंमत छापून पुढे ‘स्थानिक कर वेगळे’ असं लिहावं. दुसरा मार्ग कंपन्यांना सोयीचा होता, कारण विक्रीकर राज्याराज्यांत वेगळा आणि जकात गावागावांत वेगळी. पुण्याची जकात वेगळी, पिंपरी-चिंचवडची वेगळी. देशभर एकच वेष्टन पाठवणाऱ्या कंपनीने प्रत्येक नाक्याचा हिशेब कसा करायचा? म्हणून ते काम दुकानदारावर सोपवलं गेलं आणि गोंधळ तिथेच झाला. पुड्यावर दहा रुपये छापलेले असत, दुकानदार अकरा मागे, आणि त्या एका रुपयात कर किती आणि दुकानदाराची भर किती, हे तपासायला गिऱ्हाइकाकडे काहीच साधन नसे. खऱ्या करापेक्षा जास्त पैसे घेतले जात असल्याच्या तक्रारी होत राहिल्या.

१९९० मध्ये नियम बदलून हा दुसरा मार्ग बंद करण्यात आला. ‘कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसहित’ एवढी एकच छापील किंमत उरली. हीच आपली एमआरपी. पुढे २००९ चा वैधमापन कायदा आणि २०११ चे नवे नियम आले, त्यांनीही हे तत्त्व तसंच ठेवलं.

माझ्या मते किरकोळ दुकानदारीच्या हिशेबात याहून मोठा बदल झालेला नाही. १९९० पूर्वी दुकानदार किमतीवर कर चढवत असे. त्यानंतर त्याला छापील आकड्यातून कर मागे काढावा लागतो, आणि राहिलेल्या पैशांतच घाऊक किंमत, भाडं, वीज आणि नफा हे सगळं बसवावं लागतं. दुकानाच्या बाजूने वर सरकायला जागा नाही. थंड बाटलीसाठी ‘कूलिंग’चे दोन रुपये जास्त घेणं चुकीचं ठरतं ते यामुळेच. हॉटेलात बसून पाणी मागवलं तर तिथे सेवाही मिळते, म्हणून हॉटेलं एमआरपीपेक्षा जास्त घेऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं आहे. पण ती सूट दुकानाला नाही. दुसरीकडे, हा आकडा सरकार ठरवत नाही, कंपनी ठरवते (काही औषधांच्या किमतींना सरकारी मर्यादा आहे, ती गोष्ट निराळी). आणि ती कमाल किंमत असल्यामुळे तिच्याखाली किती उतरायचं, हे तुम्हीच ठरवायचं.

आता इनव्हॉइसकडे वळू. घाऊक बिलावर कर वेगळा का दिसतो, याचं कारण दुसऱ्याच एका बदलात आहे. जुन्या विक्रीकरात किरकोळ दुकानदाराने खरेदीत भरलेला कर बहुधा मालाच्या किमतीत मिसळून जाई. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून व्हॅट आला आणि खरेदीवर दिलेला कर विक्रीच्या करातून वजा करायची सोय झाली. व्यापारी अजूनही त्याला सेट-ऑफ म्हणतात. वजावट घ्यायची तर आकडा कागदावर वेगळा हवा, म्हणून टॅक्स इनव्हॉइसला महत्त्व आलं. १ जुलै २०१७ पासून जीएसटीने हीच पद्धत देशभर लागू केली. पुण्यात जकात २०१३ पर्यंत होती, मग स्थानिक संस्था कर म्हणजे एलबीटी आला आणि २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांवरून तोही उठला. हे स्थानिक कर गेल्यावर छापील किमतीतून काढायचा कर बहुतेक मालापुरता एकच उरला.

एक बाटली घेऊन हिशेब करू. तुम्ही जीएसटीत नेहमीच्या पद्धतीने नोंदणी केलेली आहे असं धरा. केसांच्या तेलावर सध्या पाच टक्के कर आहे. बाटलीवर एमआरपी १०५ रुपये आहे. घाऊक बिलावर किंमत ८० रुपये, त्यावर केंद्राचे दोन आणि राज्याचे दोन मिळून चार रुपये कर, म्हणजे तुमच्या खिशातून ८४ गेले.

१०५ मधून ८४ वजा करून नफा २१ रुपये असं बहुतेकजण म्हणतात. पण १०५ मध्ये शंभर रुपये मालाचे आणि पाच रुपये कराचे आहेत. त्या पाचातून खरेदीचे चार वजा करून एक रुपया सरकारकडे भरायचा आहे. तुमचे राहिले वीस. शंभरावर वीस म्हणजे वीस टक्के, ऐंशीवर वीस म्हणजे पंचवीस टक्के. घाऊकवाला ‘पंचवीस टक्के सुटतात’ म्हणाला तर कशावर पंचवीस, हे तिथल्या तिथे विचारून घ्या. खरेदीवरची टक्केवारी नेहमी मोठी दिसते.

आता शेजारच्या दुकानाने दहा टक्के डिस्काउंटची पाटी लावली म्हणून तुम्हीही लावली. १०५ वर दहा टक्के म्हणजे साडेदहा रुपये कमी, गिऱ्हाईक साडेचौऱ्याण्णव देईल. त्यात मालाचे नव्वद, कराचे साडेचार. ऐंशी खरेदी वजा जाता तुमच्याकडे दहा रुपये उरले. सूट दहा टक्क्यांची दिली आणि नफा निम्मा झाला. पूर्वीइतकंच कमवायचं तर आता एकाच्या जागी दोन बाटल्या खपायला हव्यात. पाटी लावण्यापूर्वी हा आकडा मालागणिक काढायला हवा, कारण ज्या वस्तूवर मुळात दहा टक्केच सुटतात तिथे ही पाटी सगळं मार्जिन खाऊन टाकते.

सूट दिलीत तर ती बिलावर लिहा. विक्रीच्या वेळी दिलेली आणि बिलात दाखवलेली सूट वजा करूनच कर मोजला जातो. बिल १०५ चं फाडून गल्ल्यात साडेचौऱ्याण्णव घेतले, तर कर पुरे पाच रुपये लागेल आणि पन्नास पैसे नाहक जातील. एका बाटलीचे पन्नास पैसे किरकोळ वाटतात, पण महिन्याच्या विक्रीवर ती रक्कम डोळ्यांत भरते.

खरेदीकडच्या सवलतींनाही हेच लागू पडतं. ‘बारावर एक फ्री’ अशी स्कीम असेल तर बाराचे ९६० रुपये तेरा बाटल्यांवर वाटा, म्हणजे एक बाटली सुमारे चौऱ्याहत्तरला पडते. पण तेरावी बाटली विकली गेली तरच. धूळ खात पडली तर स्कीमचा काही उपयोग नाही. घाऊकवाला सूट नंतर देणार असेल, तर ती आधी ठरलेली असावी आणि तिची क्रेडिट नोट मागून घ्यावी. तोंडी ‘पुढच्या बिलात बघू’ यावर माल उचलू नका.

‘बिल नको असेल तर ब्याऐंशीला देतो’ हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकू येईल. चौऱ्याऐंशीच्या ऐवजी ब्याऐंशी, दोन रुपये वाचले असं वाटतं. पण कच्च्या पावतीवर वजावट मिळत नाही. बाटली १०५ ला विकली की कराचे पुरे पाच रुपये तुमच्याकडून जातात. १०५ मधून पाच आणि ब्याऐंशी गेले, उरले अठरा. पक्क्या बिलाने वीस सुटत होते. स्वस्त वाटलेल्या मालावर बाटलीमागे दोन रुपये गेले, शिवाय फुटका किंवा मुदत संपत आलेला माल बदलून मागायला हातात कागदही नाही.

पक्कं बिल हातात आलं म्हणून काम संपत नाही. तुमचा जीएसटी क्रमांक त्यावर अचूक हवा आणि पुरवठादाराने ते बिल आपल्या विवरणात दाखवलेलं हवं. ते जीएसटीच्या पोर्टलवर तुमच्या GSTR-2B या खरेदी-बिलांच्या यादीत दिसतं. तिथे बिल नसेल तर वजावट अडकते, म्हणून पैसे चुकते करताना महिन्याची बिलं 2B शी ताडून पाहणारे दुकानदार मला शहाणे वाटतात.

‘सर्व करांसहित’ या शब्दांचा दुसरा अर्थ २२ सप्टेंबर २०२५ ला दिसला. केसांचं तेल, शॅम्पू, टूथपेस्ट यांवरचा कर त्या दिवशी अठरावरून पाच टक्के झाला. मूळ किंमत शंभर रुपये असलेली बाटली आधी ११८ ला होती, ती १०५ ला आली. जुना माल शेल्फवर, त्यावर जुनी किंमत, आणि कर मात्र नवा. अशा वेळी कमी किमतीचं स्टिकर लावता येतं, पण मूळ छापील किंमत त्याखाली झाकायची नाही. किंमत वाढवणारं स्टिकर तर दुकानदाराने लावायचंच नाही. वजनमापे खात्याचा माणूस तपासणीला आला की खाडाखोड आणि चिकटपट्ट्या आधी बघतो.

वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असल्यामुळे फक्त माल विकणाऱ्या तुमच्या दुकानाची नोंदणी नसेल, तर वरचा हिशेब थोडा बदलतो. खरेदीचे चार रुपये परत मिळत नाहीत, पण विक्रीवर करही भरायचा नसतो. म्हणजे ८४ हीच तुमची खरेदी आणि १०५ हीच विक्री. मग बिलावर कर वेगळा दाखवायचा नाही आणि गिऱ्हाइकाकडून कराच्या नावाने काही घ्यायचंही नाही. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीसाठी असलेल्या कंपोझिशन योजनेतही वजावट नाही आणि कर वेगळा आकारता येत नाही. तिथे विक्रीच्या एक टक्का स्वतःच्या खिशातून भरावा लागतो, या बाटलीवर एक रुपया पाच पैसे.