ब्रँडची किंमत कोण, कशासाठी काढतं? 1988 पासूनचा हिशेब

ब्रँडला रुपया-पाउंडात तोलायची पद्धत रुळली ती 1980 च्या दशकात ब्रिटनमध्ये, आणि तिच्या मुळाशी जाहिरातवाले नव्हते, कंपन्या गिळणारे होते. 1988 मध्ये नेस्लेने किटकॅट बनवणारी राउनट्री ही कंपनी सुमारे 250 कोटी पाउंडांना घेतली. राउनट्रीच्या ताळेबंदातल्या निव्वळ मालमत्तेच्या कितीतरी पट हा आकडा होता. कारखाने आणि यंत्रं यांच्यासाठी एवढे पैसे कुणी मोजत नाही. नेस्लेने पैसे मोजले ते किटकॅटसारख्या नावांसाठी, पण हिशेबाच्या वह्यांत त्या नावांना जागाच नव्हती.

ही नुसती तात्त्विक अडचण नव्हती. त्या वेळच्या ब्रिटिश नियमांनुसार कंपनी विकत घेताना पुस्तकी किमतीपेक्षा दिलेली जादा रक्कम, म्हणजे गुडविल, थेट राखीव निधीतून वजा करता येई आणि बहुतेक कंपन्या तसंच करत. त्यामुळे नामांकित ब्रँड विकत घेणारी कंपनी कागदावर आणखी गरीब दिसायची. मग तिची कर्ज काढायची ताकद कमी दिसे आणि पुढच्या खरेदीसाठी भागधारकांची परवानगी घ्यावी लागे, कारण शेअर बाजाराच्या कसोट्या निव्वळ मालमत्तेशी बांधलेल्या होत्या. ग्रँड मेट्रोपॉलिटन या ब्रिटिश कंपनीने त्याच वर्षी यातून वाट काढली आणि स्मिरनॉफ व्होडकासारखे विकत घेतलेले ब्रँड ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवले.

त्याही पुढे गेली रँक्स हॉविस मॅकडूगल, म्हणजे आरएचएम. ब्रेड, ग्रेव्ही आणि केक विकणाऱ्या या कंपनीवर ऑस्ट्रेलियाच्या गुडमन फील्डर वॉटीने बोली लावली होती. ती स्वस्तात आपल्याला लाटू पाहते आहे हे भागधारकांना पटवायचं होतं. आरएचएमने इंटरब्रँड या सल्लागार कंपनीकडून सगळ्या ब्रँडची किंमत काढून घेतली. ती भरली 67.8 कोटी पाउंड, आणि आरएचएमने ती ताळेबंदात घातली. यात विकत घेतलेले ब्रँड होते, तसे घरी वाढवलेले ब्रँडही होते. गुडमनला आरएचएम मिळाली नाही. मूल्यमापनाचा हा धंदा मात्र तिथून उभा राहिला.

इंटरब्रँडची तेव्हाची कृती अशी होती. आधी ब्रँडमुळे झालेला नफा काढायचा आणि त्याची तीन वर्षांची सरासरी घ्यायची, ताज्या वर्षाला जास्त वजन देऊन. मग ब्रँडला शंभरपैकी गुण द्यायचे. नेतृत्वाला जास्तीत जास्त 25, देशोदेशी पसरण्याला 25, स्थैर्याला 15, आणि उरलेले गुण बाजाराचं स्वरूप, कल, पाठबळ आणि कायदेशीर संरक्षण यांना. जितके गुण जास्त तितका गुणक मोठा, आणि नफा गुणिले गुणक म्हणजे किंमत. गणित सोपं आहे. खरी मेख गुणांत आहे, कारण ते कुणीतरी बसून ठरवतं. आपल्याकडे इन्फोसिसने नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून अनेक वर्षं याच धाटणीने आपल्या ब्रँडचं मूल्य वार्षिक अहवालात छापलं, पण मूळ हिशेबाबाहेर, जादा माहिती म्हणून.

लेखापालांना आरएचएमचा प्रकार रुचला नाही. लंडन बिझनेस स्कूलच्या अभ्यासकांनी 1989 मध्येच या मूल्यांच्या विश्वासार्हतेवर प्रश्नचिन्ह लावलं. पुढे आयएएस 38 या आंतरराष्ट्रीय मानकाने घरी वाढवलेला ब्रँड मालमत्ता म्हणून दाखवायला मनाईच केली. भारताच्या इंड एएस 38 मध्येही तोच नियम आहे. म्हणून आज विकत घेतलेला ब्रँड ताळेबंदात दिसतो आणि पन्नास वर्षं घाम गाळून वाढवलेला शून्य असतो.

आकडे इतके वेगळे का येतात, हे हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही. एक काल्पनिक मसाला कंपनी घेऊ. विक्री 100 कोटी, करपूर्व नफा 14 कोटी, धंद्यात गुंतलेलं भांडवल 40 कोटी.

पहिली वाट रॉयल्टीची. हे नाव आपलं नसतं तर ते वापरायला वर्षाला किती द्यावं लागलं असतं? समजा विक्रीच्या 3 टक्के, म्हणजे 3 कोटी. 25 टक्के कर गेला की राहिले सव्वादोन कोटी. ही रक्कम दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढेल आणि धोका धरून 12 टक्के परतावा हवा, असं मानलं तर आजची किंमत येते सुमारे 34 कोटी. परतावा 12 ऐवजी 11 टक्के आणि वाढ 5 ऐवजी 6 टक्के धरली, तर हाच ब्रँड 48 कोटींचा होतो. एकेक टक्का इकडेतिकडे, पण किंमत दीडपटीच्या जवळ जाते. रॉयल्टीचा दर 3 वरून 5 टक्के केला, तर मूळ गृहीतकांवरही 56 कोटी होतात.

दुसरी वाट जादा नफ्याची. कर जाऊन नफा राहतो साडेदहा कोटी. 40 कोटी भांडवलावर 12 टक्क्यांनी 4.8 कोटी कमावणं हे कारखान्याचं काम. उरले 5.7 कोटी. त्यातला किती वाटा ब्रँडचा? वाढ आणि परतावा मघाचेच धरून 60 टक्के म्हटला तर किंमत 51 कोटी, सगळाच म्हटला तर साडेपंच्याऐंशी. तो वाटा कुठल्याही वहीत सापडत नाही. दुकानदारांशी असलेले संबंध, मालकाची पाककृती आणि डब्यावरचं नाव यांची वाटणी अंदाजाने करावी लागते. तिसरी वाट खर्चाची: आजवर जाहिरातीवर घातलेले पैसे मोजायचे. ही सर्वांत सरळ आणि माझ्या मते सर्वांत निरुपयोगी, कारण फसलेल्या जाहिरातीलाही पैसे लागलेले असतात.

रॉयल्टीच्या वाटेत दर कुठून आणायचा हाच वादाचा मुद्दा. टाटा सन्स समूहातल्या कंपन्यांकडून टाटा नावाच्या थेट वापरासाठी उत्पन्नाच्या 0.25 टक्के घेई, आणि त्यावर करपूर्व नफ्याच्या 5 टक्क्यांची मर्यादा होती. एकाच घरातला हा दर बाजारभाव म्हणून चालवला तर टाटा ब्रँड भलताच स्वस्त ठरेल. बाहेरच्या करारांतले दर घ्यावेत तर प्रत्येक करारात तंत्रज्ञान आणि प्रदेश यांच्या निरनिराळ्या अटी असतात.

2010 मध्ये आयएसओ 10668 हे मानक आलं. मूल्य कशासाठी काढलं आणि काय गृहीत धरलं, हे उघड सांगण्याचा आग्रह त्याने धरला, पण सगळ्यांना एकाच आकड्यावर आणणं त्याच्या आवाक्यात नव्हतं. 2023 च्या जागतिक याद्यांत ॲपलचं नाव ब्रँड फायनान्स या मूल्यमापन कंपनीच्या लेखी सुमारे 298 अब्ज डॉलरचं होतं, इंटरब्रँडच्या लेखी 503 अब्जांचं आणि कँटारच्या लेखी 880 अब्जांचं. पहिली कंपनी रॉयल्टीच्या वाटेने जाते. दुसरी भांडवलाचा मोबदला वजा करून उरलेल्या नफ्यात ब्रँडचा वाटा ठरवते. तिसरी ग्राहकांच्या सर्वेक्षणांतून ब्रँडचं योगदान काढून ते कंपनीच्या आर्थिक मूल्याला लावते. पुढच्याच वर्षी ब्रँड फायनान्सने ॲपलला 517 अब्जांवर नेलं, तर इंटरब्रँडने 489 वर उतरवलं. आयफोन तोच, ग्राहकही तेच.

याद्यांतले असे फरक कुणाच्या खिशाला लागत नाहीत. तारणातले लागतात. किंगफिशर एअरलाइन्सच्या ब्रँडची किंमत, तेव्हाच्या बातम्यांनुसार, भरभराटीच्या काळात एका सल्लागाराने सुमारे 4,100 कोटी रुपये ठरवली होती, आणि हे ट्रेडमार्क बँकांकडे तारण होते. विक्रीवर रॉयल्टी लावायची वाट अशा जागी घसरते, कारण तोट्यात चालणाऱ्या कंपनीचीही विक्री मोठी असू शकते, पण तोट्यातून रॉयल्टी भरणार कोण? शिवाय बिअरचं किंगफिशर हे नाव वेगळ्या कंपनीकडे होतं, त्यामुळे विमानाच्या शेपटीवरचा पक्षी घेऊन दुसऱ्या कुणी फार काही करण्यासारखं नव्हतं. विमानं 2012 मध्ये जमिनीवर आली. 30 एप्रिल 2016 रोजी स्टेट बँकेच्या पुढाकाराने त्या ट्रेडमार्कांचा ऑनलाइन लिलाव झाला, राखीव किंमत 366.70 कोटी रुपये. एकही बोली आली नाही.